पडदा ओढलाय, तरी सगळं दिसतंय

मी फौजेतून निवृत्त झालेला माणूस आणि आज बोलणार आहे पडद्यांवर. कापड कुठलं घ्यायचं, लांबी किती ठेवायची, वरची शिवण कशी करायची, यावर. हसलात तरी चालेल, माझे जुने सहकारीही हसले होते. पण फौजी घरातल्या कुणालाही विचारा, बदलीच्या वेळी ज्या काळ्या पेट्या ट्रकमध्ये चढतात, त्यातली एक पेटी निव्वळ पडद्यांची असते. दर दोन-तीन वर्षांनी नवं क्वार्टर आणि नव्या मापाच्या खिडक्या. माझी पत्नी पडद्यांच्या खाली मुद्दाम हातभर दुमड ठेवायची. पठाणकोटला उसवायची, पुण्याला परत घालायची. मी फक्त पेट्या मोजायचो. पडद्यातलं मला काही कळायला साठी उलटावी लागली, आणि ते कळलं आईमुळे.

आम्ही आता सिकंदराबादला असतो. पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली रस्ता आणि समोर तशीच एक इमारत. दोन वर्षांपूर्वी आईचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा ती सत्याऐंशी वर्षांची. शस्त्रक्रिया झाली, पण उभं राहणं बंद झालं. म्हणून तिचा पलंग आम्ही सगळ्यात मोठ्या खोलीत हलवला, कारण न्हाणीघर तिथे लागून आहे. त्या खोलीला पश्चिमेकडे सहा फूट रुंद खिडकी. खिडकीला फिकट बदामी रंगाचे पडदे होते, लिननसारख्या कापडाचे, वर रिंगा ठोकलेले. दुपारी खाली उभं राहून पाहिलं तर आतलं काहीही दिसत नसे. आम्ही निर्धास्त होतो.

महिन्याभराने समोरच्या इमारतीतल्या एक बाई आल्या. पत्नीला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "ताई, रात्री अम्मांचं आवरताना दिवा घालवत चला. आमच्या गच्चीवरून दिसतं सगळं." पत्नी म्हणाली, "अहो, पडदा लावलेला असतो!" त्या म्हणाल्या, "हो, लावलेलाच असतो."

त्या रात्री नऊ वाजता मी खाली रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. वर सेवा करणारी मुलगी आईची चादर बदलत होती. पडदा पूर्ण ओढलेला. आणि मला पलंग दिसत होता, त्या मुलीची वाकलेली पाठ दिसत होती, आईला कुशीवर वळवलेलं दिसत होतं. जन्मभर डोक्यावरचा पदर ढळू न दिलेली बाई. महिनाभर हे रोज रात्री चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता.

मला जास्त लागलं ते हे, की मला कळायला हवं होतं. एकाहत्तरच्या लढाईत मी अकरा वर्षांचा होतो. डिसेंबरमधला ब्लॅकआउट मला आठवतो. वडिलांनी तावदानांवर काळे कागद चिकटवले होते. ते बरोबर लागले की नाही, हे घरात बसून कुणी ठरवत नसे. रस्त्यावरून फिरणारा स्वयंसेवक ओरडायचा, "दुसऱ्या मजल्यावर उजेड दिसतोय!" पुढे फौजेतही हेच. आपला मोर्चा झाकला गेलाय की नाही, हे समोरच्या बाजूला जाऊन पाहायचं असतं. घराच्या बाबतीत मी ते पाहिलं नव्हतं.

तर पहिली गोष्ट ही, की आडोसा नुसत्या कापडावर ठरत नाही. कापडाच्या कुठल्या बाजूला जास्त उजेड आहे, त्यावर ठरतो. दिवसा बाहेर लख्ख ऊन असतं आणि खोली त्या मानाने अंधारी. बाहेरच्याला कापडावर पडलेला उजेडच दिसतो, त्याच्या पलीकडचं दिसत नाही. रात्री हे नेमकं उलटतं. खोली उजळलेली, रस्ता काळोखा. उत्तरेकडच्या छावण्यांमधल्या जुन्या बंगल्यांत व्हरांड्याला बांबूच्या काड्यांची चिक असते. दुपारी तिच्या आड बसलं की रस्त्यावरचं सगळं दिसतं आणि रस्त्यावरच्याला आपण दिसत नाही. संध्याकाळी आत दिवा लागला की चिक नसल्यासारखीच. जाळीचा पडदा आणि विरळ विणीचा पडदा म्हणजे घरात टांगलेली चिकच.

दुसऱ्या दिवशी मी फौजी चूक केली. म्हणजे घाईने जाऊन सगळ्यात जाड पडदे आणले. दुकानात तयार मिळणारे, ब्लॅकआउट म्हणून विकले जाणारे, गडद निळे, पुन्हा रिंगांचेच. आडोसा झाला. पण आता तोच एक पडदा होता, म्हणून तो दिवसाही ओढलेला राहू लागला. खोलीचं सिनेमागृह झालं. आई दुपारी दोनला विचारायची, "रात्र झाली का रे?" दिवसा झोपायची आणि रात्री जागून हाका मारायची. डॉक्टरांनी सांगितलं, दिवसा खोलीत भरपूर उजेड येऊ द्या, रात्री अंधार ठेवा, तिला दिवस-रात्र कळू द्या. आणि गंमत म्हणजे एवढा काळा पडदा लावूनही संध्याकाळी पाच वाजता छताजवळून उन्हाचा एक पट्टा आत येऊन थेट तिच्या तोंडावर पडायचा.

म्हणजे मला तीन गोष्टी हव्या होत्या. दिवसा आडोसा आणि उजेड दोन्ही. रात्री दिवा लावूनही पूर्ण आडोसा. आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हाला अडवणं. हे एका कापडाकडून होत नाही. त्याला दोन थर लागतात, एकमेकांपासून वेगळे सरकणारे. काचेच्या बाजूला पातळ जाळीचा, खोलीच्या बाजूला जाड आणि अस्तराचा. दिवसा जाळी ओढलेली आणि जाड पडदा बाजूला. दिवेलागणीला, दिवा लावायच्या आधी, जाड पडदा ओढायचा. आधी दिवा आणि मग पडदा, हा क्रम आमच्या घरात आता चालत नाही.

जाळी घेताना पांढरी घ्यावी की गडद, हा प्रश्न येतो. पांढरी जाळी बाहेरच्या उन्हात चमकते, त्यामुळे बाहेरून आतलं जास्त झाकलं जातं, पण आपल्यालाही बाहेरचं थोडं धूसर दिसतं. राखाडी किंवा तपकिरी जाळीतून बाहेरचं स्वच्छ दिसतं, मात्र आडोसा कमी मिळतो. समोर इमारत असेल तर पांढरी. समोर डोंगर किंवा मैदान असेल तर हवी ती.

आता जाड कापड. दुकानात तीन वेगवेगळ्या मालांना सर्रास ब्लॅकआउट म्हणतात. एकात विणतानाच मधल्या थरात काळा धागा घातलेला असतो. हे कापड मऊ असतं, छान पडतं, उजेड बराच अडवतं, पण पूर्ण नाही. दुसऱ्याच्या पाठीला फेसासारखा लेप दिलेला असतो. लेपाच्या थरांत एक काळा थर असेल तर उजेड पूर्ण थांबतो. तिसरं म्हणजे नुसतंच गडद रंगाचं जाड कापड, ज्याचं नावाशी काही नातं नाही. ओळखायचं कसं? मोबाइलचा टॉर्च लावा, कापडाची एकच घडी त्यावर टेकवून धरा आणि दुसऱ्या बाजूने पाहा. उजेडाचा गोल दिसला तर रात्री माणसाची सावलीही दिसेल. दुकानदार ठाण उन्हाकडे धरून दाखवतो, त्याकडे लक्ष देऊ नका. कापडाची दुहेरी घडी धरून दाखवली तर अजिबात देऊ नका.

लेपाच्या कापडाला एक खोड आहे. सुई जिथे जिथे जाते तिथे भोक राहतं आणि उन्हात ती भोकं ताऱ्यांसारखी चमकतात. शिवाय लेप वारंवार धुण्याने, घट्ट घडी घालण्याने आणि गरम इस्त्रीने तडकतो. म्हणून मी पुढचं कापड साधं सुती घेतलं आणि लेपाचं कापड वेगळं अस्तर म्हणून मागे टांगलं, त्याच हुकांना अडकवून. पडदा मळला की तेवढाच काढून धुवायला जातो. अस्तराची पांढरी बाजू काचेकडे ठेवली, म्हणजे थोडं ऊन तिथूनच परत फिरतं. थोडंच, हेही सांगतो. ऊन एकदा काचेतून आत आलं की उष्णता बरीचशी आत आलेलीच असते. खरा उन्हाळा अडवायचा तर काचेच्या बाहेर चिक किंवा छज्जाच हवा.

आता तो छताजवळचा उन्हाचा पट्टा. तो कापडातून येत नव्हता. तो वरच्या शिवणीच्या प्रकारामुळे येत होता, आणि हे मला कुठल्याही दुकानदाराने सांगितलं नव्हतं. रिंगांच्या पडद्यात दांडा रिंगांमधून जातो. दांडा भिंतीपासून तीन-चार इंच पुढे असतो आणि कापड त्याच्या मागे-पुढे लाटेसारखं जातं. त्यामुळे पडदा आणि भिंत यांच्यामध्ये वरच्या बाजूला उघडी फट राहते. ऊन त्या फटीतून वर चढतं, छतावर आपटतं आणि खोलीभर पसरतं. दोन्ही कडांनाही तसंच. रिंगा दिसायला सुटसुटीत, सरकवायला सोप्या, बैठकीच्या खोलीला छान. पण अंधार हवा असेल तिथे त्या कामाच्या नाहीत. तुमच्याकडे रिंगांचेच पडदे असतील आणि बदलायचे नसतील, तर दोन गोष्टी करा. कडेची शेवटची रिंग दांड्याच्या आधाराच्या पलीकडे, टोकाच्या गोळ्याच्या अलीकडे घाला, म्हणजे कड जागेवर राहते. आणि रिंगांची संख्या सम ठेवा, म्हणजे दोन्ही कडा भिंतीकडे वळतात. विषम असेल तर एक कड खोलीकडे तोंड करून उघडी राहते.

नेफ्याचा पडदा, म्हणजे वर नेफा शिवून त्यात दांडा घातलेला, वरून बरा झाकतो, पण सरकत नाही. तो जाळीला ठीक. जे रोज दोनदा उघडायचं त्याला नेफा नको.

मी घेतली ती जुनी पद्धत. वर बक्रमची पट्टी, तीन-तीन चुण्या एकत्र धरून घातलेली प्लीट, मागे हुक आणि छताला ठोकलेला ट्रॅक. छतालाच ट्रॅक असल्यावर वर फट उरतच नाही. आमच्या जुन्या सरकारी क्वार्टरांमध्ये खिडकीवर लाकडी पेल्मेटच्या पेट्या असायच्या. आम्ही त्यांना धूळ साठवायचं गोदाम म्हणायचो. त्या उजेड अडवण्यासाठी होत्या, हे मला चाळीस वर्षांनी कळलं.

आता माप. माझ्या खिडकीचंच करून दाखवतो, कारण इथेच पैसे वाया जातात. खिडकी ७२ इंच रुंद. ट्रॅक दोन्ही बाजूंना आठ-आठ इंच बाहेर घेतला, म्हणजे ८८ इंच. यामुळे पडदा ओढला की कड काचेच्या बरीच पलीकडे जाते, आणि बाजूला सारला की चुण्यांचा गठ्ठा बराचसा भिंतीवर बसतो, काच मोकळी होते. आईला दिवसा पूर्ण उजेड हवा होता, त्याला हे फार उपयोगी पडलं. मग मधोमध दोन पडदे एकमेकांवर चढावेत म्हणून चार इंच. आणि दोन्ही टोकांना कापड वळून भिंतीला टेकावं म्हणून चार-चार इंच. एकूण १०० इंच. हे झालं शिवून तयार झालेल्या पडद्याचं माप.

चुण्या घालायच्या तर कापड याच्या दुपटीहून थोडं जास्त लागतं. माझं कापड ५४ इंच पन्ह्याचं होतं. चार पट्टे म्हणजे २१६ इंच, दुपटीला जुळलं. दुकानदार म्हणाला, "साब, तीन में हो जाएगा." झालंही असतं, पण १६२ इंचांत चुण्या नावालाच राहिल्या असत्या. ओढल्यावर पडदा चादरीसारखा ताणलेला दिसतो आणि मध्ये फाकतो. कापडात बचत करायचीच असेल तर स्वस्त कापड घ्या, पण पुरेसं घ्या.

उंची छतापासून जमिनीपर्यंत ११४ इंच. वर ट्रॅक आणि हुक यांचा दीड इंच गेला, खाली फरशी पुसता यावी म्हणून अर्धा इंच सोडला, उरले ११२. त्यात वरची पट्टी आणि खालची दुमड यांचे मिळून १२ इंच धरले. १२४ इंच म्हणजे सुमारे सव्वातीन मीटर. चार पट्ट्यांचे तेरा मीटर. कापडावर मोठी नक्षी असती तर ती जुळवायला आणखी लागलं असतं, म्हणून मी नक्षी टाळली. अस्तराला चुण्या लागत नाहीत, ते सपाट राहिलं तरी चालतं. प्रत्येक बाजूला दीड पट्टा. त्यातला जोड मात्र मास्टरला भिंतीकडच्या कडेला घ्यायला लावला, कारण जोडाच्या शिवणीची भोकं काचेसमोर नको होती.

लांबीबद्दल एकच सांगतो. खिडकीच्या कट्ट्यापर्यंतचा आखूड पडदा सोयीचा वाटतो, पण खालून उजेडही जातो आणि पंख्याच्या वाऱ्याने तो फुगतो. आपल्याकडे छताला पंखा असतो, हे विसरून चालत नाही. बाहेरून कुणी डोकवायच्या आत पंखाच पडदा उघडतो. जमिनीपर्यंतचा पडदा स्वतःच्या वजनाने जागेवर राहतो. आम्ही खालच्या कोपऱ्यांत शिवणीच्या आत एकेक वजन टाकून घेतलं, ते पडदेवाल्यांकडे मिळतं. खिडकीखाली पलंग किंवा बाक असेल तर नाइलाज. मग कट्ट्याच्या खाली निदान सहा इंच तरी उतरवा.

आणि कोरं सुती कापड शिवण्याआधी भिजवून, वाळवून घ्या. मी भिजवलं नाही. पत्नीने बजावलं होतं, मास्टर म्हणाला गरज नाही, आणि मी मास्टरचं ऐकलं. पहिल्या धुण्याला पडदा शंभराला तीन इंच या हिशोबाने आटला, म्हणजे जवळजवळ साडेतीन इंच वर गेला. खालच्या दुमडीत सहा इंच ठेवले होते म्हणून निभावलं. दुमड उसवून पुन्हा घालताना पत्नी काही बोलली नाही. मला ती पठाणकोटची पेटी आठवली.

एक बिनखर्चाची गोष्ट सांगायची राहिली. नवे पडदे शिवून यायला बारा दिवस लागले. तोवर काय करायचं? आम्ही दिव्याची जागा बदलली. आधी दिवा आतल्या भिंतीवर होता, म्हणजे दिवा आणि पडदा यांच्यामध्ये आई. तिची सावली पडद्यावर पडायची. मी एक टेबललॅम्प खिडकीच्या भिंतीशी, पडद्याच्या कडेला जमिनीजवळ ठेवला आणि त्याचा उजेड खोलीच्या आत वळवला. आता सावल्या आतल्या भिंतीवर पडू लागल्या. खाली जाऊन पाहिलं, तर पडद्यावर नुसता मंद उजेड, आकार नाही. पूर्ण आडोसा नव्हे, पण ते बारा दिवस निघाले. भाड्याच्या घरात जिथे भिंतीला भोक पाडू देत नाहीत, तिथेही हे करता येतं.

नवे पडदे लागले त्या रात्री मी पुन्हा खाली उतरलो. पत्नीला सांगितलं होतं, सगळे दिवे लाव आणि खोलीत फेऱ्या मार. खालून खिडकी काळी दिसत होती. फक्त डावीकडे खाली एक बारीक रेघ उजळलेली होती, जिथे कापड भिंतीला टेकत नव्हतं. वर येऊन तिथे एक छोटा हूक ठोकला आणि पडद्याच्या कडेला कडी शिवली. मग समोरच्या बाईंच्या गच्चीवरूनही पाहून आलो, त्यांची परवानगी काढून. रस्त्यावरून आणि गच्चीवरून वेगवेगळं दिसतं. वरून खालच्या फटी दिसत नाहीत, पण मधला फाकलेला भाग दिसतो.

सकाळी सातला सेवा करणारी मुलगी जाड पडदा बाजूला सारते. जाळीतून उजेड येतो. आईला समोरच्या इमारतीतली वाळत घातलेली कपड्यांची दोरी दिसते आणि आज कुणाच्या घरी पाहुणे आलेत, हे ती आम्हाला सांगते.